रेष कुठपासून अखंड होते ते पाहा

रस्त्यांच्या कामांवर शाखा अभियंता म्हणून नोकरी झाली. डांबर, खडी, मोऱ्या हे सगळं केलंच, पण पट्टे मारण्याचं काम मी नेहमी स्वतः उभं राहून करून घेत असे. त्यातून मला जे उमगलं ते इथे लिहितो आहे. ते मुख्यतः दुपदरी, मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यांबद्दल आहे. समोरून येणारी गाडी आणि आपली गाडी यांच्यामध्ये तिथे फक्त रंगाची एक रेष असते.

१. मधली रेष नजर मोजून काढलेली असते.

घाटाच्या पायथ्याच्या एका रस्त्यावर आम्ही आखणी करायचो ती अशी. दोन माणसं, दोन काठ्या आणि एक लांब दोरी. काठ्यांवर जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर लाल खूण. मोटारीत बसलेल्या माणसाचा डोळा साधारण त्या उंचीवर धरतात आणि ओव्हरटेकच्या हिशेबात समोरच्या गाडीची उंचीही तेवढीच धरतात. त्या रस्त्यावरच्या वेगासाठी ठरवलेल्या अंतराएवढी दोरी दोघांमध्ये ताणलेली, आणि दोघं एकाच दिशेने चालत निघायचे. मागच्याला पुढच्याच्या काठीवरची लाल खूण दिसते आहे तोवर चालत राहायचं. ती दिसेनाशी झाली की मागच्याने पायाखाली खडूने फुली मारायची. त्या दिशेच्या गाड्यांसाठी अखंड रेष तिथून सुरू. पुढे खूण पुन्हा दिसू लागली की दुसरी फुली, आणि तिथे ती रेष संपली. मग उलट दिशेने तोच खेळ पहिल्यापासून.

ही गोष्ट मी इतकी तपशिलात सांगतो, कारण ‘इथे रस्ता तर सरळ आहे, मग अखंड रेष कशाला?’ असं मला कितीतरी लोकांनी विचारलं आहे. सरळ रस्त्यावरही खोलगा असतो. देशावरचे रस्ते ओढे-नाले ओलांडताना हळूच खाली उतरतात आणि पुन्हा वर येतात. चालकाला पलीकडचा चढ लांबवर स्वच्छ दिसतो, रस्ता मोकळा वाटतो, पण मधल्या खोलग्यात एखादी मोटार किंवा मोटारसायकल अख्खीच्या अख्खी मावलेली असते. काठीवरची खूण तिथे नाहीशी होते म्हणून रेष अखंड होते. सरळ रस्त्यावर अखंड रेष दिसली की मी पुढे खोलगा आहे असंच धरतो.

जीप, ट्रक किंवा बसचा चालक उंच बसतो. माथ्यावर त्याला थोडं आधी दिसतं, त्यामुळे रेष उगाच लांबवली आहे असं त्याला वाटतं. पण वळणावर झाडी, कातळ किंवा दरडीची भिंत आडवी येते, तेव्हा उंच बसण्याचा काहीच उपयोग होत नाही.

२. जोडरेषेत आपल्या बाजूची रेष तेवढी आपली.

दोन रेषा शेजारी-शेजारी, एक अखंड आणि एक तुटक, हे चित्र सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जातं. आपण डावीकडून चालतो, म्हणजे त्या जोडीतली डावीकडची रेष आपल्या बाजूची. ती तुटक असेल तर रस्ता मोकळा आहे असं पाहून ओव्हरटेकसाठी ओलांडता येते, मग पलीकडची अखंड असली तरी चालते. आपल्या बाजूची अखंड असेल तर ओव्हरटेकसाठी ओलांडायची नाही, मग पलीकडची तुटक असली तरीही नाही. दोन्ही अखंड असतील तर दोन्ही दिशांना बंदी, आणि अगदी आणीबाणीशिवाय ती जोडी ओलांडायची नसते.

हे पाठ करण्यापेक्षा एका माथ्यावरून मनाने गाडी नेऊन पाहा. सुरुवातीला मधोमध एकच तुटक रेष आहे. चढ लागतो आणि त्या तुटक रेषेच्या डाव्या अंगाला, म्हणजे आपल्या बाजूला, एक अखंड रेष येऊन जुळते. माथ्यापलीकडचं आता आपल्याला पुरेसं दिसत नाही, असा त्याचा अर्थ. समोरून येणारा मात्र माथा ओलांडून आलेला आहे, त्याला पुढचा उतार सगळा दिसतो आहे, म्हणून त्याच्या बाजूची रेष तुटक. आपण माथ्याशी पोचतो तेव्हा आपली अखंड रेष संपते. पलीकडून चढणाऱ्याची अखंड रेष साधारण त्याच सुमारास, आपल्या उजव्या अंगाला सुरू झालेली दिसते. आता आपली तुटक आणि त्याची अखंड. माथा लांबलचक, पसरट असेल तर दोघांचे अखंड पट्टे एकमेकांवर येतात आणि माथ्यावर काही अंतर दोन्ही रेषा अखंड राहतात. पुढे उतारावर पुन्हा एकच तुटक रेष.

हा क्रम एकदा डोळ्यात बसला की रेषेवरून पुढचा रस्ता वाचता येतो. रात्री अनोळखी रस्त्यावर डाव्या अंगाला अखंड रेष येऊन जुळली, तर पुढे माथा किंवा वळण आहे हे दिव्याच्या झोतात ते दिसण्याआधीच कळतं. आमच्या जीपवरचे चालक मामा हे फार छान करायचे. धुक्यात कुंभार्ली घाट चढताना ते म्हणायचे, “साहेब, रेष बदलली, आता हात आखडायचा.” आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचे.

३. अखंड रेष सुरू होण्याआधी ओव्हरटेक संपलेलं असलं पाहिजे.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. अखंड रेष सुरू होण्याआधी गाडी बाहेर काढली म्हणजे आपण नियमात बसलो, असं पुष्कळ चांगल्या चालकांनाही वाटतं. पण नियमाला हवं आहे ते असं की, अखंड रेष सुरू होते तिथे तुम्ही ओव्हरटेक संपवून आपल्या बाजूला परत आलेले असाल. म्हणून तुटक रेष दिसली की माझा पहिला प्रश्न असतो, ही अजून किती अंतर तुटक राहणार आहे?

किती अंतर लागतं ते एकदा हिशेबाने पाहू. समोर १६ मीटर लांबीचा ट्रेलर ताशी ४९ किलोमीटरने चालला आहे. तुम्ही त्याच्या मागे साधारण १५ मीटरवर आहात. ताशी ६५ च्या वेगाने तुम्ही त्याला ओलांडणार. वेगातला फरक ताशी १६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेचार मीटर. तुम्हाला ट्रेलरच्या तुलनेत पुढे जायचं आहे ते असं: मागचे १५ मीटर, ट्रेलरचे १६, त्याच्या नाकासमोर परत शिरण्याआधी सोडायचे आणखी १५, आणि तुमच्या गाडीचे ४. एकूण ५० मीटर. सेकंदाला साडेचार मीटरने ५० मीटर म्हणजे ११ सेकंदांहून थोडं जास्त. तेवढ्या वेळात ६५ च्या वेगाने तुमची गाडी २०० मीटरपेक्षा जास्त रस्ता कापते, आणि तो जवळपास सगळा समोरच्याच्या बाजूने.

आता समोरून कुणी ६५ नेच येतो आहे असं धरा. पहिल्या एक-तृतीयांश वेळात तो दिसला तर तुम्ही ब्रेक लावून पुन्हा ट्रेलरच्या मागे जाऊ शकता. त्यानंतर परत फिरणं शक्य नसतं, पुढेच जावं लागतं. म्हणून त्याचा प्रवास उरलेल्या दोन-तृतीयांश वेळेपुरता धरायचा, म्हणजे सुमारे १३५ मीटर. दोन्ही मिळून ३४० मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६ च्या दृष्टि-अंतरांवरच्या पुस्तिकेत ताशी ६५ साठी ओव्हरटेकचं सुरक्षित अंतर ३४० मीटरच दिलेलं आहे. तिथला हिशेबही असाच, वेगातला फरक १६ किलोमीटर धरून केलेला आहे. ८० च्या वेगाला तेच अंतर ४७० मीटर होतं आणि १०० ला ६४०.

३४० मीटर म्हणजे किती, हे गाडीतून कळावं म्हणून मी किलोमीटरच्या दगडांमधले छोटे दगड वापरतो. राज्यमार्गावर आणि राष्ट्रीय महामार्गावर ते दर २०० मीटरवर असतात. एक दगड, दुसरा दगड आणि तिसऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ, एवढा रस्ता मोकळा दिसला पाहिजे. एकदा थांबून हे अंतर डोळ्यांनी पाहा. जिथे आपण रोज बिनधास्त ओव्हरटेक करतो तिथे एवढं अंतर बहुतेक वेळा दिसतच नाही, असं लक्षात येईल.

आणि ट्रेलर एक असेल तर हे. एकामागोमाग दोन ट्रक असतील, मध्ये शिरायला जागा नसेल, तर दुसऱ्या ट्रकचे १० मीटर आणि मधली १० मीटर फट धरून आणखी साडेचार सेकंद लागतात. दोन ट्रक एकदम ओलांडायचे तर ३४० मीटर पुरतच नाहीत.

४. तुकडे लांब आणि फटी आखूड झाल्या की नवीन ओव्हरटेक सुरू करायचं नाही.

साध्या तुटक रेषेत रंगाचा तुकडा लहान आणि मधली फट त्याहून मोठी असते. अखंड रेष जवळ आली की काही अंतर आधीपासून हे प्रमाण उलटतं, तुकडे लांब होतात आणि फटी आखूड. ही इशारा देणारी रेष. कायद्याने ती ओलांडता येते, आणि ती ठेवलेली असते ती आधीच बाहेर निघालेल्याला परत आत येता यावं म्हणून. आपण अजून मागेच असू तर मागेच राहावं. ही रेष सगळीकडे नीट मारलेली नसते, पण जिथे असते तिथे ती गाडीतून सहज कळते. चाकांखालून तुकडे जास्त भरभर जाऊ लागल्यासारखे वाटतात.

५. तुटक रेष म्हणजे ‘जा’ नव्हे.

आखणी करताना धरलेलं अंतर पूर्ण ओव्हरटेकच्या अंतराएवढं असतंच असं नाही, पुष्कळदा ते त्याहून कमी असतं. नाही तर आपल्या डोंगराळ भागातल्या रस्त्यांवर शेवटपर्यंत अखंड रेषच मारावी लागली असती. म्हणजे तुटक रेष एवढंच सांगते की इथे बंदी घातलेली नाही. समोर कोण येतं आहे, शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर चढतो आहे का, पुढचा ट्रक उजवीकडे वळायच्या बेतात आहे का, मागचा कुणी आपल्यालाच ओलांडायला आधीच निघाला आहे का, हे रेषेला ठाऊक नसतं. उजवीकडे फाटा असेल तर तिथे ओव्हरटेक करूच नये, रेष काहीही असो. फाट्यावरून रस्त्यावर येणारा आधी त्याच्या उजवीकडे पाहतो. त्याच्या डावीकडून, म्हणजे नेमक्या त्याच्याच बाजूने, आपण येऊ अशी त्याची अपेक्षाच नसते.

६. एकेरी अखंड रेष: ओव्हरटेक नाही, पण सगळंच बंद नाही.

ही रेष फाट्यावर किंवा आपल्या घराच्या आवारात वळण्यासाठी, तिथून बाहेर येण्यासाठी, किंवा रस्त्यात बंद पडलेली गाडी, कोसळलेली दरड अशा अडथळ्याला वळसा घालण्यासाठी ओलांडता येते. चालत्या गाडीला मागे टाकण्यासाठी येत नाही. रेषेला न शिवता आपल्या बाजूतच राहून सायकल किंवा बैलगाडी ओलांडता येत असेल, आणि त्यांना पुरेशी जागा सोडता येत असेल, तर तेवढं करता येतं. रस्ता तेवढा रुंद नसेल तर बैलगाडीच्या मागे बैलगाडीच्या चालीने जायचं.

पिवळी की पांढरी यावरून लोक फार गोंधळतात. शहरात पिवळी अखंड रेष पुष्कळ दिसते आणि तीही ओव्हरटेकसाठी ओलांडायची नसते. मी सांगतो, आधी रेष अखंड की तुटक ते पाहा, रंगाचं नंतर. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवण्यात, नाव घेऊन आलं आहे. सिग्नल तोडणंही त्याच कलमात आहे. पहिल्याच गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा तुरुंगवास, किंवा दोन्ही होऊ शकतात.

७. स्टॉप लाइन आणि झेब्रा यांच्यामधली मोकळी जागा कशासाठी असते?

स्टॉप लाइन म्हणजे आपल्या अर्ध्या रस्त्यावर आडवी मारलेली जाड पांढरी रेष. गाडीचा पुढचा बंपर तिच्या अलीकडे राहिला पाहिजे. चाक अलीकडे आणि बंपर पलीकडे असं नाही. स्टॉप लाइन पुसली गेली असेल तर झेब्र्याच्या अलीकडे, थोडी जागा सोडून थांबायचं.

झेब्र्यापासून ती थोडी मागे ठेवतात, याला एक कारण ओव्हरटेकशी जोडलेलं आहे. एका दिशेला दोन लेन असलेल्या रस्त्यावर सिग्नल नसलेला झेब्रा घ्या. डाव्या लेनमधली बस चालणाऱ्या माणसाला वाट देण्यासाठी थांबली. माणूस बसच्या नाकासमोरून चालू लागला. मागून येणाऱ्या मोटारीला वाटतं की बस प्रवासी घ्यायला थांबली आहे. ती उजव्या लेनने तशीच पुढे जाते. बस झेब्र्याला टेकून उभी असेल तर माणूस तिच्या आडून बाहेर येतो तेव्हा मोटारीच्या वाटेपासून जेमतेम एका पावलावर असतो. बस दोन-तीन मीटर मागे थांबली असेल तर तोच माणूस मोटारीच्या चालकाला तिरक्या नजरेत थोडा आधी दिसतो, आणि माणसालाही मोटार दिसते.

थोडा आधी म्हणजेही फार आधी नाही. ताशी ४० च्या वेगाने चालकाला दिसण्यापासून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद धरले तर त्यातच जवळपास २८ मीटर जातात. थांबायला एकूण ४५ मीटर धरतात. आडून निघालेल्या माणसासाठी ४५ मीटर कुठून येणार? म्हणून झेब्र्याशी एखादी गाडी थांबली असेल किंवा हळू होत असेल, तर तिला ओलांडायचंच नाही. तिच्या बरोबरीने थांबायचं, ती का थांबली हे दिसेपर्यंत. हे मी माझ्या मुलीला गाडी शिकवताना सर्वांत आधी शिकवलं, रेषांच्याही आधी.

८. पाऊस, रात्र आणि नवीन डांबर.

हल्लीचे पट्टे बहुतेक थर्मोप्लास्टिकचे असतात. ते गरम करून साधारण अडीच मिलिमीटर जाडीने पसरतात आणि ओले असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात. रात्री पट्टा चमकतो तो त्या मण्यांमुळे, कारण ते दिव्याचा प्रकाश आल्या वाटेने चालकाकडे परत पाठवतात. पावसात रस्त्यावर पाण्याचा थर साचला की मणी त्याखाली बुडतात आणि प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरूनच पुढे निघून जातो. कोरड्या रात्री लख्ख दिसणारी रेष जोराच्या पावसात नाहीशी होते ती यामुळे. दोष पट्टे मारणाऱ्याचा असेलच असं नाही. अशा वेळी रस्त्यावर उंच बसवलेले कॅट आय असतील तर ते दिसत राहतात. नसतील तर रेष अखंड आहे असं समजूनच चालवायचं.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे डांबराचा नवा थर दिलेला रस्ता. पट्टे अजून मारलेले नसतात, रस्ता गुळगुळीत असतो आणि वेग आपोआप वाढतो. कधी दुसराच गट येऊन नवे पट्टे मारतो, दोरीने नजर न मोजता जुन्या ठिगळांच्या अंदाजाने. मग आंधळ्या वळणावर तुटक रेष राहून जाते. ती चुकीची आहे हे ओळखायला एक खूण आहे. रेष तुटक आहे, पण तिचा पुढचा तुकडा वळणाआड जाताना दिसतो, पलीकडे शंभर मीटरही रस्ता दिसत नाही. रेष आणि डोळे यांचं असं जुळत नसेल तेव्हा त्या दोघांपैकी जो जास्त कडक, त्याचं ऐकायचं. अशी जागा सापडली तर तिथून जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहून घेऊन त्या रस्त्याच्या शाखा अभियंत्याला लेखी कळवा. नुसतं ‘अमुक गावाजवळचं वळण’ असं लिहिलं तर कोणतं वळण हे शोधण्यातच पत्र पडून राहतं. दगडाचा आकडा असला की माणूस खडू आणि दोरी घेऊन थेट तिथे जाऊ शकतो.